चॅनेल बदलले तरी न जाणारा लोगो

२०१८ च्या सुरुवातीला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये ‘आरटिंग्ज’ या टीव्ही तपासणाऱ्या संस्थेने एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही विकत आणले आणि ते जवळजवळ अखंड चालू ठेवले. सगळे एलजी सी७, सगळे ५५ इंची. दिवसातले २० तास प्रत्येक टीव्हीवर एकाच प्रकारचा कार्यक्रम. दोन टीव्हींवर सीएनएन ही वृत्तवाहिनी लावलेली होती. त्यांतल्या एकाचा ब्राइटनेस २०० निटवर बांधून ठेवला होता आणि दुसऱ्याचा जितका चढेल तितका चढवला होता. आणखी एकावर ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा युद्धाचा गेम चाले. प्रयोग सुमारे ९,००० तासांपर्यंत गेला. रोज पाच तास टीव्ही पाहणाऱ्या घरात एवढे तास भरायला जवळजवळ पाच वर्षे लागतील.

सीएनएन लावलेल्या दोन्ही टीव्हींवर वाहिनीचा लोगो आणि खालची पट्टी कायमची उमटली. जास्त ब्राइटनेसवर ठेवलेल्या टीव्हीवर ती लवकर आणि ठळक उमटली. गेमच्या टीव्हीवर मात्र डोळ्यांत भरेल असा डाग आला नाही. कंपनी तीच, पॅनेल तेच, तासही तेवढेच होते. फरक होता तो पडद्यावर काय दिसत होते आणि किती उजेडात दिसत होते याचा.

या डागाला ‘बर्न-इन’ म्हणतात. हे नाव जुन्या काचेच्या टीव्हीच्या काळातले आहे. प्रत्यक्षात ओएलईडीमध्ये काही जळत नाही, काही चिकटत नाही आणि मागे ‘उरत’ही नाही. उलट तिथले काहीतरी कमी झालेले असते.

ओएलईडी टीव्हीत मागून उजेड टाकणारा दिवा नसतो. ४के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे मिळून सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात आणि त्यांतला प्रत्येक आपला उजेड आपणच पाडतो. हा उजेड सेंद्रिय रसायनांच्या अतिशय पातळ थरांतून वीज गेल्यावर पडतो. जितकी वीज जाते तितके ते थर थकतात. पुढच्या वेळी तेवढ्याच विजेत किंचित कमी उजेड देतात. सगळे पिक्सेल सारखेच थकले तर पडदा एकंदरीत थोडा मंद होईल आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. अडचण होते ती शेजारीशेजारी असलेल्या पिक्सेलच्या थकव्यात फरक पडला की. जुन्या वाड्याच्या दगडी पायऱ्या पाहिल्या तर पाऊल पडते तिथे खोलगट झालेल्या दिसतात आणि कडा जशाच्या तशा असतात. ओएलईडी पडद्यावरचा लोगो ही अशीच खोलगट जागा असते. म्हणून पांढऱ्या किंवा करड्या पार्श्वभूमीवर तो उजळ न दिसता काळपट दिसतो.

ही झीज रंगारंगानुसार वेगळी असते. एलजीच्या बहुतेक पॅनेलमध्ये मूळ उजेड पांढरा असतो आणि त्यापुढे लाल, हिरवी व निळी गाळणी लावून रंग काढले जातात. चौथा सबपिक्सेल गाळणीशिवाय असतो, तो थेट पांढरा उजेड देतो. पांढऱ्या आणि फिकट रंगांचा बराचसा भार तो उचलतो. गडद लाल पट्टी दाखवायची असेल तर मात्र हा मदतनीस कामाचा नाही. एकट्या लाल सबपिक्सेलला ते काम करावे लागते आणि त्याचा बराच उजेड गाळणीतच अडकत असल्याने त्याला जास्त वीज द्यावी लागते. सॅमसंगने २०२२ पासून बाजारात आणलेल्या क्यूडी-ओएलईडी पॅनेलची रचना निराळी आहे. तिथे मूळ उजेड निळा असतो आणि क्वांटम डॉट नावाचे सूक्ष्म कण त्यातून लाल व हिरवा रंग तयार करतात. त्यात चौथा मदतनीस नसतो, त्यामुळे भगभगीत पांढऱ्यासाठी तिन्ही सबपिक्सेलना राबावे लागते.

मराठी वृत्तवाहिन्यांचा पडदा आठवून पाहिला की यातली मेख कळते. कोपऱ्यात लोगो, त्याखाली घड्याळ, तळाला लाल किंवा पिवळी जाड पट्टी, तिच्यावर ‘ब्रेकिंग न्यूज’. पट्टीवरची अक्षरे सरकतात, पण पट्टीचा रंग सकाळपासून रात्रीपर्यंत तोच असतो. सी७ टीव्हीवर सीएनएनने जे केले ते करायला ही मांडणी पुरेशी आहे. प्रश्न किती तासांत, एवढाच.

पिक्सेल सरकवणे म्हणजे काय

उत्पादकांनी यावर केलेल्या उपायांपैकी सर्वांत परिचित म्हणजे पिक्सेल शिफ्टिंग. प्लाझ्मा टीव्हीच्या काळातही तो होता. संपूर्ण चित्र ठराविक वेळाने एखाद-दुसरा पिक्सेल डावीकडे, मग वर, मग उजवीकडे, मग खाली असे सरकवले जाते. एलजीच्या टीव्हीत याचे नाव `Screen Move` (जुन्या मॉडेलमध्ये `Screen Shift`), सोनी आणि सॅमसंगमध्ये `Pixel Shift`. बहुतेक टीव्हींवर ते आधीपासूनच चालू असते.

सरकणे डोळ्यांना दिसत नाही, कारण ते फार थोडे असते. ५५ इंची ४के पडद्याची रुंदी साधारण १२२ सेंटीमीटर आणि त्यात ३,८४० पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलची रुंदी जेमतेम ०.३२ मिलिमीटर. चित्र दोन्ही बाजूंना पाच-पाच पिक्सेल सरकते असे धरले, तरी मूळ जागेपासून ते दीड मिलिमीटरच्या आसपासच हलते. सोफ्यावर बसलेल्याला हे कळण्याचे कारणच नाही. मॉनिटरसमोर दोन फुटांवर बसणाऱ्याला मात्र कधीकधी कळते. काही मॉनिटरमध्ये चित्र सरकायला जागा हवी म्हणून कडेला जादा पिक्सेल दिलेले असतात. जिथे ते नसतात तिथे टास्कबारची खालची कड काही वेळ किंचित कापली गेल्यासारखी दिसते आणि मॉनिटर सदोष निघाला असे वाटते. तो दोष नसतो, शिफ्टिंग चालू असल्याची ती खूण असते.

आता या उपायाचा खरा फायदा किती, ते दोन उदाहरणांवर पडताळता येते. दोन्हींत चित्र वर-खाली पाच-पाच पिक्सेल, म्हणजे एकूण अकरा जागांवर फिरते असे धरू.

पहिले उदाहरण एका पिक्सेलच्या जाडीच्या पांढऱ्या आडव्या रेघेचे. शिफ्टिंग नसेल तर एकाच ओळीतल्या पिक्सेलना सगळा भार सोसावा लागतो. शिफ्टिंग असेल तर तोच भार अकरा ओळींत वाटला जातो आणि प्रत्येकीच्या वाट्याला अकरावा हिस्सा येतो. हा फायदा मोठा आहे. अक्षरांच्या बारीक रेघा, खिडक्यांच्या कडा, गेममधले नेम धरायचे बारीक चिन्ह अशा गोष्टींना यातून खरोखर संरक्षण मिळते.

दुसरे उदाहरण बातम्यांच्या पट्टीचे. पट्टीने पडद्याच्या उंचीचा सहावा भाग व्यापला आहे असे धरले तर ती ३६० ओळींची होते. चित्र पाच ओळी वर गेले काय आणि पाच ओळी खाली आले काय, फरक पडतो तो फक्त पट्टीच्या वरच्या काठाच्या दहाएक ओळींना. उरलेल्या साडेतीनशे ओळी चित्र कुठेही सरकले तरी पट्टीच्या आतच राहतात आणि त्यांना पूर्वीइतकाच लाल रंग दाखवत बसावे लागते. पायरीवर पाऊल दोन बोटे इकडेतिकडे पडले म्हणून मधला खोलगटपणा टळत नाही, तसेच हे.

मग पट्टीच्या बाबतीत शिफ्टिंग अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. पट्टीचा काठ जिथे संपतो तिथे झिजलेले आणि न झिजलेले पिक्सेल एकमेकांना लागून असतात. माणसाची नजर अशी धारदार सीमा चटकन टिपते. हळूहळू बदलत जाणारा उजेड मात्र तिच्यातून निसटतो. शिफ्टिंगमुळे सीमा दहा ओळींत पसरते आणि उतरण तयार होते, त्यामुळे डाग लक्षात यायला जास्त वेळ लागतो. झीज मात्र तेवढीच होते. पिक्सेल शिफ्टिंग चालू आहे म्हणून बर्न-इन होणार नाही, असे समजून दिवसभर एकच वाहिनी लावून ठेवणाऱ्याचा हिशेब नेमका इथे चुकतो.

टीव्ही बंद केल्यावर सुरू होणारे काम

पडद्याचे खरे रक्षण करणारी यंत्रणा टीव्ही बंद झाल्यावर कामाला लागते आणि बहुतेक मालकांना तिची कल्पना नसते. एलजीच्या पॅनेलमध्ये एकूण चार तास पाहून झाले की पुढच्या वेळी रिमोटने टीव्ही बंद करताच ती सुरू होते. पडदा काळाच असतो, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येक पिक्सेलची तपासणी करत असते: ठरावीक वीज देण्यासाठी आता किती दाब लागतो आहे, पूर्वीपेक्षा किती बदल झाला आहे. त्यावरून कोण किती थकला याचा अंदाज बांधून पुढच्या दिवसासाठी दुरुस्ती नोंदवली जाते. थकलेल्याला थोडी जास्त वीज, ताज्या पिक्सेलला नेहमीची. हे काम काही मिनिटांत उरकते. साधारण दर २,००० तासांनी याचीच मोठी आवृत्ती चालते आणि तिला तासभर लागतो. ओएलईडी मॉनिटरमध्येही हीच पद्धत आहे. डेलच्या एलियनवेअर एडब्ल्यू३४२३डीडब्ल्यू या २०२२ च्या मॉनिटरमध्ये छोटी फेरी चार तासांच्या वापरानंतर आणि मोठी फेरी १,५०० तासांनंतर होते.

इथे आपल्याकडची एक सवय आडवी येते. रात्री झोपण्यापूर्वी टीव्ही रिमोटने बंद करायचा आणि मग भिंतीवरच्या बोर्डाचे बटणही बंद करायचे, ही शिस्त असंख्य मराठी घरांत आहे. वीज वाचते, पावसाळ्यात विजांची भीती राहत नाही, आणि लहानपणापासून तसेच शिकवलेले असते. एलसीडी टीव्हीला त्याने काही होत नाही. ओएलईडीला मात्र हे बटण बंद झाले की दुरुस्तीची फेरी सुरूच होत नाही किंवा अर्धवट राहते. एखाद्या रात्री वीज गेली म्हणून बिघडत नाही. टीव्ही ती फेरी पुढच्या वेळी करतो. रोजच रात्री बटण बंद होत असेल तर महिनोन्महिने पिक्सेलची नोंद अद्ययावत होत नाही आणि झिजलेल्या जागा उघड्या पडू लागतात.

यात विजेचा खर्च किती? स्टँडबायमध्ये आजचा टीव्ही साधारण अर्धा वॉट वीज घेतो. वर्षभर चोवीस तास तसाच ठेवला तरी चार-साडेचार युनिट होतात. विजांचा कडकडाट चालू असताना प्लग काढणे शहाणपणाचेच आहे. ढगाळ संध्याकाळी टीव्ही रिमोटने बंद करून अर्धा तास तसाच राहू दिला आणि मग प्लग काढला, तर दोन्ही गोष्टी साधतात. हीच काळजी मॉनिटरच्या बाबतीत घ्यावी लागते, कारण संगणकाचे सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतात आणि काम संपले की त्याचे लाल बटण खाली जाते.

मोठी फेरी हाताने चालवण्याची सोयही मेनूत असते: एलजीमध्ये `Pixel Cleaning` (आधी `Pixel Refresher`), सोनीत `Panel refresh`, सॅमसंगमध्ये `Pixel Refresh`. नाव वाचून दर रविवारी पडदा ‘साफ’ करण्याचा मोह होतो. तो टाळावा. सोनीने ही फेरी वर्षातून एकदाच, आणि खोलीचे तापमान १० ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतानाच करायला सांगितले आहे. कारण ही यंत्रणा झीज भरून काढत नाही, झिजलेल्या पिक्सेलला जास्त वीज देऊन झीज झाकते. जास्त वीज म्हणजे पुन्हा झीज. शिवाय वीज वाढवायलाही मर्यादा आहे. ती संपली की तो पिक्सेल शेजाऱ्याची बरोबरी करू शकत नाही आणि मग डाग कुठल्याही बटणाने जात नाही.

ब्राइटनेसचा हिशेब

मॉन्ट्रियलच्या दोन सीएनएन टीव्हींमधला फरक फक्त उजेडाचा होता, हे वर आलेच. ओएलईडीच्या अभ्यासात उजेड आणि आयुष्य यांचा संबंध सरळ रेषेतला नसतो. उजेड निम्मा केला तर आयुष्य दुप्पट होत नाही, साधारण तिप्पट ते चौपट होते. म्हणून सगळ्या उपायांत ब्राइटनेस कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो, आणि तो फुकट आहे.

दुकानात टीव्ही बहुधा `Vivid` या मोडवर लावलेला असतो, कारण ट्यूबलाइटच्या झगमगाटात तोच नजरेत भरतो. घरी आल्यावरही तो तसाच राहतो. बातम्या आणि मालिका पाहण्यासाठी `Cinema` किंवा `Filmmaker Mode` घेतला आणि एलजीत `OLED Pixel Brightness` नावाची पट्टी खोलीतल्या उजेडाला शोभेल इतकी खाली आणली, तर झीज बरीच मंदावते. पहिले दोन-तीन दिवस चित्र फिके वाटते. मग डोळे सरावतात. ब्राइटनेस सगळ्या गोष्टींना सारखा कमी करण्याचीही गरज नाही. चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहताना पडद्याचा प्रत्येक भाग सतत बदलत असतो. तिथे उजेड वाढवला तरी झीज सगळीकडे वाटली जाते. काटकसर करायची ती बातम्यांच्या तासांत.

याच कारणासाठी टीव्हीत स्थिर लोगो ओळखून तेवढाच भाग मंद करण्याची सोय असते. एलजी आणि सॅमसंगमध्ये तिचे नाव `Adjust Logo Brightness`. ती सर्वांत वरच्या पातळीवर ठेवण्यात काही तोटा नाही. लोगो थोडा निस्तेज दिसतो इतकेच. आणखी एक यंत्रणा पडदा बराच वेळ हलला नाही तर संपूर्ण चित्र हळूहळू मंद करते. एक्सेलमध्ये काम करताना पडदा आपोआप अंधारला, अशी तक्रार त्यातूनच येते. काही जण सर्व्हिस रिमोट मागवून ती यंत्रणा बंद करून टाकतात. पडद्याचा एक पहारेकरी कमी होतो आणि पुढे वॉरंटीचा प्रश्न उभा राहू शकतो.

उष्णताही झीज वाढवते. लाकडी शोकेसच्या बंद खणात बसवलेला किंवा दुपारच्या उन्हाच्या भिंतीवर टांगलेला टीव्ही जास्त तापतो. मागे आणि वर हवा खेळायला जागा सोडली, तर नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यातही पॅनेलवरचा ताण कमी राहतो.

एका घराचा हिशेब

समजा, एका घरात आजोबा रोज चार तास एकच मराठी वृत्तवाहिनी पाहतात आणि संध्याकाळी बाकीचे कुटुंब तीन तास मालिका, चित्रपट, सामने पाहते. वृत्तवाहिनीच्या लोगोचे वर्षाला १,४६० तास भरतात, तीन वर्षांत ४,३८०. आरटिंग्जच्या प्रयोगात वापरलेले पॅनेल २०१७ चे होते आणि त्यानंतरची पॅनेल सुधारलेली आहेत, तरी भगभगीत ब्राइटनेसवर हा आकडा निर्धास्त राहण्यासारखा नाही.

आजोबांना बातम्या पाहू नका असे कुणी सांगणार नाही. त्यांनी चार तासांत तीन वाहिन्या आलटून पालटून पाहिल्या तर एकेका लोगोच्या वाट्याला वर्षाला पाचशेपेक्षा कमी तास येतात. लोगोंच्या जागा आणि रंग वेगळे असल्याने हा फायदा खरा आहे. तळाच्या पट्टीबाबत मात्र तो फारसा मिळत नाही, कारण जवळजवळ सगळ्याच वाहिन्यांची पट्टी तळालाच असते. तिथे ब्राइटनेस कमी करणे हाच उपाय. बातम्यांच्या वेळेपुरता वेगळा पिक्चर मोड ठरवून तो मंद ठेवला की दोन्ही गोष्टी जमतात. बातम्या संपल्यावर कुणी स्वयंपाकघरात गेले, कुणी डुलकी घेतली, आणि टीव्ही तसाच चालू राहिला, तर ते तासही झिजेतच जमा होतात. त्यासाठी ठरावीक वेळेने बंद होणारा `Sleep Timer` लावून ठेवता येतो.

डाग पडण्याच्या भीतीने टीव्हीवर दिवसभर काळी चौकट असलेले चित्र लावणे हाही उपाय नव्हे. काळे पिक्सेल बंद असतात, म्हणजे ते ताजे राहतात. त्यांच्या शेजारचे मात्र थकत जातात. जुने मराठी चित्रपट दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून दिसतात. ते अधूनमधून पाहिल्याने काही होत नाही, पण एखाद्याने टीव्हीवर वर्षानुवर्षे तेवढेच पाहिले, तर मधला भाग मंद आणि कडा उजळ असा उलटा डाग येऊ शकतो. पडद्याला विश्रांती हवी असेल तर पूर्ण पडदा बंद करावा, अर्धा नव्हे.

कामाचा मॉनिटर

टीव्हीपेक्षा मॉनिटरची परीक्षा कठीण असते, कारण संगणकावर काहीच हलत नाही. टास्कबार तळाला, ब्राउझरचे टॅब वर, मधोमध पांढरा कागद, आणि हे रोज आठ तास. ऑस्ट्रेलियातल्या ‘हार्डवेअर अनबॉक्स्ड’ या तपासणी करणाऱ्या चमूने २०२४ मध्ये एमएसआयचा ३२ इंची ४के क्यूडी-ओएलईडी मॉनिटर मुद्दाम असाच वापरला, जणू तो साधा एलसीडीच आहे. ब्राइटनेस २०० निट, टास्कबार कायम दिसणारा, दोन प्रोग्रॅम पडद्याच्या डाव्या-उजव्या अर्ध्यात शेजारीशेजारी. काही महिन्यांतच करड्या पार्श्वभूमीवर पडद्याच्या बरोबर मध्ये एक पुसट उभी रेघ दिसू लागली. दोन खिडक्या जिथे एकमेकींना भिडत होत्या तीच ती जागा.

ही रेघ रोजच्या कामात दिसत नव्हती, चाचणीच्या चित्रातच दिसत होती. पण तिने मॉनिटर वापरणाऱ्यांना एक साधी गोष्ट दाखवली: पडदा प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी दुभंगायचा नाही. खिडक्यांची मधली सीमा एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे सरकवली की शिफ्टिंगला न जमणारे काम हाताने होते; तिथे अंतर पाच पिक्सेलचे नसते, पाचशेचे असते. टास्कबार विंडोज ११ मध्ये `Automatically hide the taskbar` या पर्यायाने लपतो. १५० टक्के स्केलिंगवर तो ७२ पिक्सेल उंच असतो, त्यामुळे पिक्सेल शिफ्टिंगने तो वाचत नाही; लपवला तर वाचतो. कोऱ्या पांढऱ्या कागदावर काम करताना १०० ते १२० निट बहुतेक खोल्यांत पुरतात. एचडीआर चालू ठेवणाऱ्यांनी विंडोजमधली `SDR content brightness` ही पट्टी तपासावी, कारण ती वर चढलेली असली की साधा वर्डचा कागदही डोळे दिपवतो. चहाला उठताना दोन-तीन मिनिटांत पडदा बंद होईल अशी वेळ लावून ठेवली, की स्क्रीनसेव्हरचीही गरज राहत नाही.

डाग आहे की भास

डाग शोधायची रीत सोपी आहे. पूर्ण पडदाभर एकच रंग दाखवणारी चित्रे घ्यावीत: मध्यम करडा, मग लाल, हिरवा, निळा, पिवळा. खोली अंधारी करून प्रत्येक रंग थोडा वेळ पाहावा. फक्त लाल पडद्यावर लोगोची आकृती दिसली तर लाल सबपिक्सेल थकले आहेत. करड्यावरही दिसली तर झीज इतर सबपिक्सेलपर्यंतही पोचली असू शकते. अगदी काळसर करड्या चित्रावर उभे पट्टे दिसतात ते मात्र बहुधा कारखान्यातूनच आलेले असतात. त्यांचा बर्न-इनशी संबंध नाही.

आकृती दिसली म्हणून लगेच हाय खायचे कारण नाही. बराच वेळ एकच चित्र राहिले की त्याची छाया थोडा वेळ रेंगाळते आणि नंतर आपोआप जाते. टीव्हीवर तासभर हलती चित्रे लावावीत, मग रिमोटने बंद करून रात्रभर बोर्डाचे बटण चालू ठेवावे. दुसऱ्या दिवशी आकृती गेली तर ती छाया होती. राहिली तर मेनूतून मोठी फेरी एकदा चालवावी. त्यानंतरही ती तिथेच असेल तर ती झीज आहे आणि ती परत भरून येत नाही.

वापरलेला ओएलईडी टीव्ही विकत घेताना हीच चाचणी विक्रेत्यासमोर करावी. यूट्यूबवर असे रंगांचे व्हिडिओ सहज सापडतात. नवा घेताना वॉरंटीचा कागद नीट वाचावा: काही मॉनिटर कंपन्या बर्न-इनवर तीन वर्षांची हमी स्पष्ट शब्दांत देतात, तर अनेक टीव्हींच्या वॉरंटीत स्थिर चित्राने पडलेला डाग वगळलेला असतो, आणि देशानुसार या अटी बदलतात. झिजलेल्या जागेचे पिक्सेल सुटे बदलता येत नाहीत, संपूर्ण पॅनेल बदलावे लागते आणि टीव्हीच्या किमतीचा मोठा भाग पॅनेलचाच असतो. म्हणून ज्या जागी सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत एकच वाहिनी चालणार आहे, मग ते डॉक्टरांचे वेटिंग रूम असो, सलून असो की सोसायटीचे कार्यालय, तिथे ओएलईडी घेऊच नये. एलसीडी पॅनेलमध्ये उजेड मागच्या दिव्यांचा असतो, त्यामुळे बातम्यांची पट्टी तिथे अशी झीज करत नाही, आणि पैसेही कमी लागतात.